तीन दगड, एक भिंग आणि ॲसिडची बाटली: वणी ते वरोरा

आदली रात्र, वणी

भाचा मायनिंगच्या डिप्लोमाला आहे. परीक्षेत त्याला ‘चुनखडक, डोलोमाइट व वालुकाश्म यांतील फरक’ असा प्रश्न आला. त्यानं उत्तर लिहिलं की चुनखडकावर ॲसिड टाकलं की फसफसतं, डोलोमाइटवर फक्त पूड केल्यावर फसफसतं आणि वालुकाश्मावर फसफसत नाही. मार्क पूर्ण मिळाले. मी म्हटलं, चल तीन दिवस, हे उत्तर रानात किती टिकतं ते पाहू. वणीच्या आसपास हे तिन्ही दगड एका मोटारसायकलच्या टप्प्यात आहेत. पैनगंगा खोऱ्यातला जुना चुनखडक आहे, त्याच्यातच डोलोमाइटचे थर आहेत आणि कोळशाच्या पट्ट्यात वालुकाश्म.

रात्री लॉजच्या गॅलरीत ॲसिड तयार केलं. प्रयोगशाळेतलं तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण 36 टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग मिळून दहा टक्क्यांच्या आसपासचं ॲसिड होतं, आणि रानात तेवढंच लागतं. आधी भांड्यात पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड हळूहळू ओतायचं. उलटं केलं तर ओतताना उष्णता एकाच जागी निघते आणि थेंब उडतात. पाणी डिस्टिल्ड घेतलं, कारण इकडच्या बोअरच्या पाण्यात चुना असतो आणि ॲसिडचा थोडा जोर त्यातच जातो. भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, हार्डवेअरमधलं संडास धुवायचं चालते का?’’ चालतं. त्यातला पिवळेपणा लोखंडाचा असतो, चाचणीला त्याची अडचण नाही. पण त्याची तीव्रता बाटलीवर नीट लिहिलेली नसते. जास्त तीव्र राहिलं तर डोलोमाइटसुद्धा चुनखडकासारखा उसळतो आणि सगळा प्रयोगच फसतो.

बाटली ड्रॉपरची, प्लॅस्टिकची, वर मोठ्या अक्षरांत ‘ॲसिड’ लिहिलेली. सोबत चष्मे, एक बेकिंग सोड्याचं पाकीट, पाण्याची वेगळी बाटली, हातोडा, खिशातला चाकू आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग.

पहिला दिवस: राजूर

सकाळी तर्री-पोहे खाऊन राजूरला निघालो. चुन्याच्या भट्ट्यांचं हे गाव. रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा पावडर लावल्यासारखी दिसतात. एका भट्टीवाल्या काकांनी जवळची बंद पडलेली खाण दाखवली आणि सोबतही आले. चालू खाणीत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नसतो. बंद खाणीतही कड्याच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, सुटलेला दगड कधी येईल सांगता येत नाही.

भाच्यानं पहिल्यांदा भिंग डिटेक्टिव्हासारखं हात लांब करून धरलं. तसं धरलं की काहीच दिसत नाही. भिंग डोळ्याजवळ, जवळजवळ पापणीला लागेल इतकं धरायचं. मग दगड उचलून भिंगाकडे आणायचा, साधारण अडीच सेंटिमीटरवर येईपर्यंत. दुसरा डोळा मिटायचा नाही, नाहीतर दहा मिनिटांत डोकं चढतं. पाठीमागून खांद्यावरून ऊन येऊ द्यायचं, स्वतःची सावली दगडावर पडू द्यायची नाही. हे जमायला त्याला अर्धा तास लागला. मला कॉलेजात दोन दिवस लागले होते, ते मी सांगितलं नाही.

पहिला दगड राखाडी, पातळ-पातळ पट्ट्यांचा. हातोड्यानं ताजा तुकडा पाडला, कारण बाहेरची कातडी नेहमी खोटं बोलते. भिंगाखाली दाणे जवळपास दिसलेच नाहीत. गुळगुळीत, मंद, जणू वाळलेला चिखल. अधूनमधून केसाएवढ्या पांढऱ्या रेषा, त्या कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडक ज्या खनिजाचा बनतो त्याच्याच शिरा. भाचा शिंपले शोधत होता. पुस्तकातल्या चुनखडकाच्या चित्रात शिंपले असतात. इथे ते सापडणार नाहीत, कारण हा खडक कवचाचे प्राणी जन्मायच्या आधीच्या प्रोटेरोझोइक काळातला आहे. हा चुना पाण्याच्या तळाशी अगदी बारीक गाळासारखा साचला.

मग एक थेंब. एकच. सर्र आवाज आला, पांढरा फेस उभा राहिला, ठिपक्याएवढ्या जागी उकळी फुटल्यागत. पाचेक सेकंदांत शांत. तिथे पाणी टाकून पुसलं आणि परत भिंग लावलं, तर थेंबाच्या जागी छोटासा खड्डा पडलेला. अगदी स्वच्छ, न दाणेदार खड्डा. ही खूण लक्षात ठेव म्हटलं. दोन दिवसांनी कामी आली.

त्याच खाणीच्या वरच्या अंगाला एक थर वेगळा होता. फिकट तपकिरी, पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक चिरांचं जाळं, हत्तीच्या कातडीसारखं. तुकडा पाडला तर आतून राखाडी-पिवळसर. भिंगाखाली हा थर पहिल्या दगडासारखा नव्हता. साखरेच्या खड्यांसारखे बारीक चमकणारे दाणे, एकमेकांना चिकटलेले, काहींचे पृष्ठभाग किंचित वाकडे. थेंब टाकला. काही नाही. भाचा म्हणाला, ‘‘वालुकाश्म.’’

‘‘थांब, घाई नको. चष्मा लाव आणि भिंगातून थेंबाच्या कडेला पाहा.’’

थेंबाच्या कडेला, दगडाला लागून, मोहरीपेक्षाही लहान असे बुडबुडे एकेक करून सुटत होते. उघड्या डोळ्यांना तो थेंब पूर्ण शांत वाटत होता. (भिंग लावायची ही एकच वेळ, जेव्हा थेंब अजून दगडावर आहे. फसफसणाऱ्या चुनखडकावर मान घालायची नाही, त्याचे तुषार थेट डोळ्याकडे येतात. डोलोमाइट उडत नाही, पण चष्मा तरी हवाच.) मग चाकूनं त्याच जागी खरवडून चिमूटभर पूड केली आणि तिच्यावर थेंब टाकला. आता बुडबुडे उघड्या डोळ्यांना दिसले. हा डोलोमाइट.

भाच्याला ‘का’ हवं होतं. दोन्ही दगड कार्बोनेट आहेत. ॲसिड कार्बोनेट फोडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच फेस. कॅल्साइटमध्ये फक्त कॅल्शियम असतं आणि तो भराभर विरघळतो. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमचा थर आणि मॅग्नेशियमचा थर आळीपाळीनं घट्ट बसलेले असतात, आणि ती वीण उसवायला ॲसिडला फार वेळ लागतो. पूड केली की ॲसिडला भिडायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून तोच मंद वेग दिसण्याइतका वाढतो. म्हणजे या चाचणीत आपण पदार्थ पाहत नाही, वेग पाहतो. वेग बदलणारी कुठलीही गोष्ट आपल्याला फसवू शकते. हे मी त्या वेळी बोललो, पण पुढच्या दिवशी मीच विसरलो.

काका शेजारी दगडावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी तोच तपकिरी तुकडा हातात घेतला.

‘‘हा दगड आम्ही भट्टीत टाकतच नाही जी. भाजते तर भाजते, पण चुना फुलत नाही. चांगल्या दगडाच्या चुन्यावर पाणी मारलं की भसकन फुटते, वाफ निघते. हा बसून राहते. दुसऱ्या दिवशी फुलते तेव्हा गिऱ्हाईकानं नेलेलं राहते.’’

पुस्तकात हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत आहे. डोलोमाइट भाजला की चुन्यासोबत मॅग्नेशियम ऑक्साइड तयार होतं, आणि ते जोरात भाजलं गेलं की पाण्याशी फार सावकाश मिसळतं. सिमेंटमध्ये हीच गोष्ट जास्त धोक्याची, कारण काँक्रीट घट्ट झाल्यावर आतलं मॅग्नेशियम ऑक्साइड महिन्यांनी, वर्षांनी पाणी घेतं, फुगतं आणि भेगा पाडतं. म्हणून साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये त्याचं प्रमाण 6 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. शुद्ध डोलोमाइटमध्ये ते जवळपास 22 टक्के असतं. एकाच खाणीत हे दोन थर एकमेकांवर बसलेले असतील तर खाणवाल्याला कोणता उचलायचा हे रोज ठरवावं लागतं, आणि काकांनी आयुष्यभर ते डोळ्यांनी आणि फुलण्याच्या आवाजानं ठरवलं होतं.

दोन्ही दगडांचे सुपारीएवढे तुकडे पिशवीत ठेवले. त्यांवर मार्करनं ‘चु’ आणि ‘डो’ लिहिलं. ही सवय प्रत्येकानं लावावी. सोबत ओळखीचे दगड नसतील तर ॲसिड बरोबर वागतं की नाही हे कळायचं कशावरून?

दुसरा दिवस: पैनगंगा ओलांडून

आज पैनगंगा ओलांडून कोरपन्याच्या बाजूला. सगळा सिमेंटचा मुलूख. एप्रिलचा पहिला आठवडा, शेतं मोकळी, बांधावर पऱ्हाटीचे ढीग. मोहाचा वास सकाळी दहापर्यंत, नंतर फक्त ऊन. ॲसिडची बाटली मी मोटारसायकलच्या टाकीवरच्या काळ्या बॅगेत ठेवली होती. चूक माझीच.

दुपारी दीडला नाल्याच्या काठी एक राखाडी दगड उघडा पडलेला दिसला. भाच्यानं ताजा तुकडा पाडला, थेंब टाकला. व्यवस्थित फसफसला. चुनखडकासारखी सर्र नाही, पण फेस डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. त्यानं वहीत ‘चुनखडक’ लिहून पुढे चालायला सुरुवातसुद्धा केली.

मी भिंग लावलं. साखरेचे खडे. चाकू ओढला. कॅल्साइटवर चाकू जितका सहज उतरतो तितका उतरला नाही, जरा जोर लागला. कॅल्साइटची कठिणता 3 आणि डोलोमाइटची साडेतीन ते 4, फरक थोडाच, पण सवय झाली की हाताला कळतो. बाहेरची कातडी तपकिरी, चिरांचं जाळं. सगळं डोलोमाइटचं, आणि फेस मात्र चुनखडकाचा.

अशा वेळी दोन शक्यता पहिल्यांदा तपासायच्या. एक, थेंब कॅल्साइटच्या शिरेवर तर पडला नाही? डोलोमाइटमध्ये अशा पांढऱ्या शिरा बऱ्याचदा असतात आणि तेवढ्या रेषेत जोरात उसळी येते. पण इथे फेस सगळ्या थेंबाखाली सारखा होता. दुसरी शक्यता ॲसिडच्या बाजूची. पिशवीतून कालचा ‘डो’ काढला, ज्यानं काल आमच्यासमोर अगदी मौन धरलं होतं. त्याच्यावर थेंब टाकला आणि तोही फसफसला.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी बाटलीकडे. हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम.

तापमान वाढलं की डोलोमाइटची ॲसिडशी क्रिया भराभर होते. प्रयोगशाळेत तर मुद्दाम ॲसिड कोमट करून डोलोमाइट फसफसवून दाखवतात. परदेशी पुस्तकांत ‘थंड पातळ ॲसिड’ हा शब्द असतो, आणि त्यातला ‘थंड’ आपण वाचून सोडून देतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उन्हात पडलेल्या बॅगेतलं ॲसिड आणि हात न लावता येणारा दगड, या दोन्हींनी मिळून डोलोमाइटला चुनखडक करून टाकलं होतं. या उन्हात कोणी भराभर ॲसिड टाकत, भिंग न काढता फिरला, तर त्याच्या नकाशावर डोलोमाइट उरणारच नाही.

रस्त्यावर एक चहाची टपरी होती. बाईंनी माठाखालची ओली रेती दिली. बाटलीचं झाकण घट्ट करून ती प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रेतीत गाडली. दगडाचे दोन्ही तुकडेही सावलीत ठेवले, कारण नुसतं ॲसिड थंड करून भागत नाही. तेवढ्यात चहा झाला, आलुबोंडे झाले. बाईंनी विचारलं, ‘‘काऊन जी, गोटे थंड करता?’’ भाचा म्हणाला, ‘‘मावशी, हा गोटा गरम झाला की खोटं बोलते.’’ मावशींना हे पटलेलं दिसलं नाही.

तासाभरानं परत केलं. ‘चु’ पूर्वीसारखाच सर्र उसळला. म्हणजे ॲसिडमध्ये दम आहे, ते मेलेलं नाही. ‘डो’ गप्प. नाल्यावरचा दगडही गप्प, भिंगाखाली फक्त बारीक मणी. पूड केल्यावर मंद फेस. वहीतलं ‘चुनखडक’ खोडलं गेलं.

‘चु’ची उसळी बघणं महत्त्वाचं आहे, ते सांगायचं राहून जाऊ नये. ॲसिड पुन्हापुन्हा उघडून, किंवा त्यात दगडाची पूड जाऊन, जुनं होतं. अशा मेलेल्या ॲसिडनं चुनखडकही डोलोमाइटसारखा गप्प बसतो. तेव्हा ओळखीच्या दोन्ही तुकड्यांवर रोज एक-एक थेंब टाकायचा. चुन्याचा तुकडा मंदावला तर ॲसिड बदलायचं आणि डोलोमाइटचा तुकडा बोलू लागला तर थंड करायचं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी अर्धवटच सुटली. संध्याकाळी एक असा दगड मिळाला, ज्याच्यावर एका टोकाला उसळी आणि दोन बोटं सोडून मौन. ठिपके-ठिपके. भिंगाखाली गुळगुळीत भाग आणि साखरी भाग दोन्ही एकाच तुकड्यात. चुनखडकाचं डोलोमाइट होता-होता अर्ध्यात थांबलेला हा दगड. अशाला रानात ‘डोलोमाइटी चुनखडक’ म्हणायचं आणि टक्केवारी सांगायचा मोह टाळायचा. नक्की सांगायचं असेल तर रासायनिक पृथक्करण, किंवा प्रयोगशाळेत ॲलिझरिन रेड एस नावाचा रंग. त्यात कॅल्साइट लालसर होतो आणि डोलोमाइट कोराच राहतो. आम्ही तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, वर गावाचं नाव लिहिलं आणि विषय तिथेच सोडला.

लॉजवर आल्यावर कळलं की बाटलीच्या झाकणातून थोडं ॲसिड भाच्याच्या पँटवर गळलं होतं. त्यानं झटकलं, पाणी मारलं, आणि ‘काही नाही झालं मामा’ म्हणून झोपला.

तिसरा दिवस: वरोरा आणि चंद्रपूर

वणीहून वरोऱ्याकडे. पिजदुऱ्याला जायचं होतं. हे गाव भूगर्भशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे. इथल्या लमेटा नावाच्या खडकांच्या थरांत डायनोसॉरची हाडं सापडली, आणि इथल्याच जीवाश्म झालेल्या शेणाच्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालं. डायनोसॉरच्या काळातही गवत होतं हे त्यातून कळलं. इथली हाडं आणि गोळे उचलून न्यायचे नसतात. आम्हालाही त्यांच्याशी काम नव्हतं. आम्हाला हवा होता तिसरा दगड.

वाटेत एका नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगाशी थांबलो. ढिगात लालसर-पिवळे दगड होते, अंगावर पांढरी साय धरलेले. भाच्यानं न फोडता थेंब टाकला. जोरात फसफसला. ‘‘चुनखडक,’’ म्हणाला, आणि मग स्वतःच थांबला. काल फसला होता, म्हणून हातोडा उचलला. ताज्या तोंडावर थेंब टाकला तर काहीच नाही, पूड केल्यावरही नाही.

आपल्या काळ्या मातीत पांढरे खडे असतात, शेतकरी त्यालाच चुनखडी म्हणतात. पावसाचं पाणी जमिनीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि उन्हाळ्यात ते वाळलं की चुना दगडांवर साय धरतो. ती साय बेसाल्टवरही बसते, वालुकाश्मावरही बसते. फेस त्या सायीचा, दगडाचा नाही. विदर्भात दगड न फोडता ॲसिड टाकणारा माणूस शेतजमिनीलाच दगड समजून बसतो.

आतल्या ताज्या तोंडावर भिंग लावलं तर दाणेच दाणे. काचेसारखे, अर्धवट गोल, काही धुरकट, त्यांच्यामध्ये पिवळी-लाल माती. बोटानं घासलं तर रेती सुटली. भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, डोलोमाइटमध्येही दाणे चमकत होते. मग फरक?’’ प्रश्न चांगला होता. डोलोमाइटचा किंवा कॅल्साइटचा दाणा सपाट तोंडानं चमकतो. दगड हळूहळू फिरवला की आरसा चमकावा तसा एकदम उजेड येतो आणि जातो. वालुकाश्मातला दाणा क्वार्ट्झचा, तो फुटक्या काचेसारखा असतो, त्याला सपाट तोंड नसतं. आणि खात्री चाकूची. डोलोमाइटवर चाकूनं ओरखडा उठतो. क्वार्ट्झची कठिणता 7, तो चाकूलाच खातो. दगडावर जी चकचकीत रेघ उमटते ती पात्याच्या लोखंडाची असते.

पिजदुऱ्याजवळ बांधावर पडलेला मळकट पांढरा दगड मात्र आमची खरी परीक्षा घेणारा होता. साय खरवडून काढली, ताजा तुकडा पाडला, बाटली सावलीत होती, ‘चु’ आणि ‘डो’ दोन्ही आपापल्या जागी बरोबर वागले होते. थेंब टाकला आणि ताज्या तोंडावर चांगला फेस आला. पुस्तकाप्रमाणे चुनखडक.

भाच्यानं थेंब शांत होऊ दिला, पाणी टाकलं, पुसलं आणि भिंग लावलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘खड्डा साफ नाही मामा. आत रेतीचे दाणे उभे राहिलेत.’’

पहिल्या दिवशीची ती खूण. शुद्ध चुनखडकावर ॲसिडचा खड्डा स्वच्छ असतो. इथे ॲसिडनं दाण्यांमधला चुना खाल्ला आणि क्वार्ट्झचे दाणे जागच्या जागी उघडे पडले. फसफसत होतं ते दाण्यांना धरून ठेवणारं सिमेंट. दगडाचं नाव मात्र दाण्यांवरून ठरतं. प्रश्न एवढाच होता की दाणे जास्त आहेत की चुना? फेसाच्या जोरावरून हे कळत नाही. थोडासा चुनाही भरपूर आवाज करतो.

मग आम्ही तो दगड विरघळवून पाहिला. सुपारीएवढा तुकडा कागदावर ठेवून कुटला. एका प्लॅस्टिकच्या ग्लासात ती भरड टाकली, थर कुठवर आला तिथे पेननं खूण केली. ग्लास धातूचा चालत नाही, ॲसिड त्याला लागतं. मग थोडंथोडं ॲसिड टाकत गेलो. पहिल्यांदा ग्लास तोंडापर्यंत फेसाळला, म्हणून एकदम ओतायचं नाही. फेस बसला की परत थोडं टाकायचं. नवीन थेंबानंही एकही बुडबुडा येत नाही, तेव्हा समजायचं की चुना संपला. आम्हाला चारपाच वेळा टाकावं लागलं, पाऊण तास गेला. पाणी घालून गढूळ वरचं ओतलं, परत धुतलं. ते पाणी बेकिंग सोडा टाकून, फेस थांबल्यावर, मातीत ओतलं.

तळाशी उरली ती रेती, स्वच्छ, रवाळ. भिंगाखाली तेच काचेसारखे दाणे. थर खुणेच्या अर्ध्यापेक्षा वर होता. मोजमाप ढोबळच आहे, भरड आणि धुतलेली रेती सारखी बसत नाही, बारीक माती पाण्याबरोबर निघून गेलेली असते. पण अर्ध्याहून पुष्कळ जास्त दाणे उरले, म्हणून नाव ठरलं ‘चुनखडी सिमेंटचा वालुकाश्म’. तळाशी चिमूटभर रेती उरली असती तर ‘वालुकामय चुनखडक’ म्हटलं असतं. आणि दगड डोलोमाइटच्या सिमेंटचा असता तर थंड ॲसिडनं तो ग्लासात रात्रभर संथ बुडबुडे सोडत राहिला असता. असा दगड संध्याकाळी ‘विरघळला नाही’ म्हणून फेकला तर चूक होते.

चंद्रपूरला पोचायला चार वाजले. जटपुरा गेटजवळ भाच्याला परकोटाचे दगड दिसले आणि त्याचा हात बाटलीकडे गेला. हात धरावा लागला. जुन्या बांधकामावर एक थेंबसुद्धा नाही. आणि टाकला असता तरी काय कळलं असतं? सांध्यांमधला चुना फसफसला असता, आणि शतकांच्या पावसानं तो दगडांवर ओघळलेला आहे, तोही फसफसला असता. ॲसिडनं चंद्रपूरचा परकोट चुनखडकाचा ठरवला असता.

‘‘भिंग काढ,’’ म्हटलं.

रस्त्याच्या गर्दीत, रिक्षावाल्यांच्या नजरेखाली, तो दगडाला नाक लावून उभा राहिला. दगड उचलून आणता येत नाही, तेव्हा भिंग डोळ्याला लावून आपणच दगडाकडे जायचं. ‘‘दाणे,’’ म्हणाला. ‘‘गोलसर. आरशासारखे चमकत नाहीत. मध्ये लाल माती.’’ बोट फिरवलं, बोटाला रेती लागली. एकही थेंब न टाकता वालुकाश्म.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. पोराची पँट धुतली तर मांडीवर पाच भोकं पडली होती, चाळणीसारखी. ‘‘कायचं पाणी सांडवलं रे तिकडं? तो म्हणते, काही नाही झालं.’’ सुती कपड्यावर ॲसिड लगेच दिसत नाही, धुतल्यावर धागे तुटतात. हे मी त्याला सांगायचं विसरलो होतो.